एनीकास्ट: एक पत्ता, अनेक सर्व्हर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालची बरीचशी उदाहरणे डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेच्या, रूट म्हणजे सर्वांत वरच्या सर्व्हरांची आहेत. एनीकास्टचा एक जुना आणि मोठा उघड वापर तिथे झाला, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी कोणालाही घरच्या संगणकावरून तपासून पाहता येतात.

१. एनीकास्ट म्हणजे नेमकं काय?

एकच आयपी पत्ता वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक सर्व्हरांना द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेरच्या जगाला सांगायचे, की ‘हा पत्ता माझ्याकडे आहे’. तुमच्या संगणकाला यातले काही माहीत नसते. तो नेहमीसारखे एक पॅकेट त्या पत्त्यावर पाठवतो. वाटेतला प्रत्येक राउटर स्वतःच्या तक्त्यात पाहतो आणि त्याला जो मार्ग सर्वांत बरा वाटतो त्यावर पॅकेट ढकलतो. त्यामुळे पुण्यातून निघालेले पॅकेट मुंबईच्या सर्व्हरवर पोचू शकते आणि बर्लिनहून निघालेले फ्रँकफर्टच्या.

यासाठी वेगळ्या जातीचा पत्ता लागत नाही. गूगलच्या डीएनएस सेवेच्या `8.8.8.8` या पत्त्याकडे नुसते पाहून तो एनीकास्ट आहे की साधा, हे सांगता येणार नाही. फरक आहे तो, पत्ता किती ठिकाणांहून जाहीर केला जातो यात. या जाहीर करण्यालाच पुढे ‘जाहिरात’ म्हटले आहे.

२. दोन मशिनना एकच आयपी दिला तर भांडण होत नाही का? आमच्या ऑफिसात तर लगेच एरर येते.

ऑफिसात दोन्ही मशीन एकाच स्विचच्या जाळ्यात असतात. तिथे ‘हा पत्ता कोणाचा?’ असे सगळ्यांना ओरडून विचारले जाते, दोघेही ‘माझा’ म्हणतात आणि गोंधळ होतो.

एनीकास्टमधले सर्व्हर अशा एका जाळ्यात नसतातच. प्रत्येक जण आपापल्या राउटरमागे असतो, आणि राउटरला मशीन मोजायची नसतात, त्याला मार्ग हवा असतो. एकाच ठिकाणी जाणारे दोन रस्ते असणे ही त्याच्यासाठी रोजची बाब आहे. ते रस्ते प्रत्यक्षात दोन वेगळ्या इमारतींत संपतात, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

३. ‘जवळचा’ सर्व्हर कोण ठरवतं? किलोमीटर मोजतात का?

नाही. एनीकास्टबद्दल सर्वाधिक गैरसमज याच शब्दातून होतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवतो.

इंटरनेटवरचे मार्ग बीजीपी या प्रोटोकॉलने ठरतात, आणि बीजीपीला ना नकाशा कळतो ना मिलिसेकंद. प्रत्येक कंपनीचा राउटर आधी ‘लोकल प्रेफरन्स’ पाहतो, म्हणजे त्या कंपनीने स्वतः ठरवलेला पसंतीक्रम. तो समान असेल तरच पुढे वाटेत किती नेटवर्क लागतात हे मोजले जाते. आणि पसंतीक्रमामागे बहुधा पैशाचा हिशेब असतो: ग्राहकाकडून आलेला मार्ग पहिला, कारण त्या रहदारीचे पैसे मिळतात, मग बरोबरीच्या पीअरचा, जो फुकट असतो, आणि शेवटी ज्याला आपण पैसे देतो त्याचा.

आता एक प्रसंग धरून चालू. एका सेवेचे दोन सर्व्हर आहेत, मुंबईत आणि फ्रँकफर्टमध्ये. पुण्यातला एक इंटरनेट पुरवठादार मुंबईच्या एक्स्चेंजवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना थेट जोडतात त्या जागी, जोडलेला नाही. तो एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपनीकडून सगळी जोडणी विकत घेतो. या मोठ्या कंपनीला त्या पत्त्याचे दोन मार्ग दिसतात. एक मुंबईत, पीअरकडून आलेला. दुसरा फ्रँकफर्टमधला, कारण ती सेवा तिथे तिची ग्राहक आहे. ग्राहकाच्या मार्गाला तिने २०० गुण दिलेत, पीअरच्या मार्गाला १००. निकाल तिथेच लागतो. पुढचे काही तपासलेच जात नाही. पुण्यातला प्रश्न दीडशे किलोमीटरवरचा सर्व्हर सोडून जर्मनीला जातो.

यात कोणाचेही यंत्र बिघडलेले नाही. उपाय दोन आहेत: पुण्याच्या पुरवठादाराने मुंबईच्या एक्स्चेंजवर स्वतः जोडून घेणे, किंवा सेवा चालवणाऱ्याने त्याच मोठ्या कंपनीची जोडणी मुंबईतही घेणे. मग दोन्ही मार्ग ग्राहकाचेच होतात आणि त्या कंपनीचा मुंबईतला राउटर स्वतःला जवळ पडणारा मार्ग उचलतो. फ्रँकफर्टच्या जाहिरातीत आपला नेटवर्क क्रमांक दोन-तीनदा लिहून मार्ग लांब दाखवण्याची युक्ती इथे उपयोगी पडत नाही, कारण लांबी मोजायची वेळच येत नाही. हे लक्षात न आल्याने अनेक जण त्या युक्तीवर आठवडे घालवतात.

४. मी कुठल्या शहरातल्या सर्व्हरवर पोचतोय, हे कसं ओळखायचं?

सर्व्हरलाच त्याचे नाव विचारायचे. बहुतेक रूट सर्व्हर याचे उत्तर देतात. उदाहरणार्थ K नावाचा रूट सर्व्हर:

```
dig @193.0.14.129 hostname.bind CH TXT +short
dig @193.0.14.129 . SOA +nsid
```

उत्तरात `ns1.nl-ams.k.ripe.net` अशा धाटणीचे नाव येते. त्यातला `nl-ams` म्हणजे नेदरलँड्समधले अ‍ॅमस्टरडॅम. दुसरी आज्ञा अधिक भरवशाची, कारण तिच्यात खरे उत्तर आणि सर्व्हरची ओळख एकाच पॅकेटात येतात. पहिल्या पद्धतीत दोन वेगळे प्रश्न दोन वेगळ्या मशिनांवर जाऊ शकतात. क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यासाठी हे चालते:

```
curl -s https://1.1.1.1/cdn-cgi/trace
```

यात `colo=` पुढे विमानतळाचा कोड असतो. `BOM` म्हणजे मुंबई.

मग पिंगने पडताळा घ्या. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर आहे. म्हणून ६५ मिलिसेकंदांच्या आत उत्तर आले, तर ते तिथून आलेले असूच शकत नाही. उलटे मात्र खरे नाही. १०० मिलिसेकंद लागले म्हणून सर्व्हर दूरच आहे असे होत नाही. मोबाइलची रेडिओ जोडणी किंवा घरातला भरलेला वाय-फायसुद्धा एवढा वेळ खातो. आधी घरच्या राउटरला पिंग करून तो वेळ वजा करा.

एक सापळा इथे आहे. काही पुरवठादार डीएनएसचे सगळे प्रश्न वाटेत अडवून आपल्याच सर्व्हरकडे वळवतात. तेरा रूट सर्व्हरांपैकी तीन-चार वेगवेगळ्या पत्त्यांना वरची पहिली आज्ञा द्या. सगळीकडून एकच नाव आले, किंवा सगळी उत्तरे अगदी सारख्या वेळात आली, तर तुम्ही बहुधा रूट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आहात, असे समजा.

५. आयपी लोकेशनची साइट 8.8.8.8 अमेरिकेत दाखवते. माझे प्रश्न अमेरिकेला जातात का?

त्या साइटवरून हे कळत नाही. ती पत्त्याची नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहते आणि एक पत्ता म्हणजे एक जागा असे धरून चालते. एनीकास्टला ते गृहीतकच लागू नाही. प्रश्न ४ मधली पिंगची पद्धत वापरा.

६. रूट सर्व्हर तेराच आहेत म्हणतात, मग भारतात कसे काय?

तेरा आहेत ती नावे, A पासून M पर्यंत. ती बारा संस्था चालवतात. यूडीपीवरच्या डीएनएस उत्तराला मुळात ५१२ बाइटांची मर्यादा होती आणि त्यात सगळ्यांची नावे-पत्ते बसवायचे होते; आकडा तेरावर थांबला तो त्यामुळे.

त्या नावांमागची मशीन आज दीड हजारांहून अधिक ठिकाणी आहेत, आणि ते शक्य झाले एनीकास्टमुळे. भारतात सुरुवातीच्या प्रती एनआयएक्सआयच्या म्हणजे राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंजच्या साहाय्याने आल्या: मुंबईत I, चेन्नईत F आणि दिल्लीजवळ नोएडात K. या प्रती ‘मूळ’ सर्व्हरच्या दुय्यम नकला नाहीत. रूट झोनची तीच फाइल त्यांच्याकडे असते आणि त्यांचे उत्तर तितकेच अधिकृत असते.

७. एक सर्व्हर बंद पडला तर माझं पॅकेट आपोआप दुसरीकडे जातं का?

जाते, पण फक्त त्या सर्व्हरची जाहिरात मागे घेतली गेली तर. आणि इथेच बहुतेक घरगुती मांडण्या फसतात.

अख्खे मशीन बंद पडले की त्याचे राउटरशी चाललेले बीजीपी संभाषण थांबते. राउटर ठरावीक वेळ वाट पाहतो, सहसा ९० किंवा १८० सेकंद, आणि मग मार्ग काढून टाकतो. तोवर त्या भागातले सगळे प्रश्न शून्यात जातात. बीएफडी ही जलद तपासणी जोडली तर हा वेळ सेकंदाच्या आत येतो.

अधिक वाईट प्रकार म्हणजे मशीन जिवंत, बीजीपी जिवंत, पण डीएनएसची सेवा मेलेली. मग मार्ग ‘इकडे या’ म्हणत राहतो आणि उत्तर द्यायला कोणीच नसते. दुसऱ्या शहरातला सर्व्हर ठणठणीत असूनही त्याच्याकडे कोणी जात नाही, आणि तुम्ही स्वतः त्या दुसऱ्या शहरात बसून तपासलेत तर सगळे छान दिसते. यासाठी सेवेची तपासणी आणि मार्गाची जाहिरात एकमेकांना बांधलेली हवी. सर्वांत साधी पद्धत म्हणजे पत्ता एका डमी इंटरफेसवर ठेवायचा, बीजीपी चालवणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ BIRD, त्या इंटरफेसवर लक्ष ठेवतो, आणि एक छोटी स्क्रिप्ट पत्ता काढते-घालते:

```
fail=0
while sleep 2; do
  if dig @127.0.0.1 example.org SOA +time=1 +tries=1 +short \
     | grep -q '^[^;]'; then
    fail=0
    ip addr replace 192.0.2.53/32 dev anycast0
  else
    fail=$((fail+1))
    [ $fail -eq 3 ] && ip addr del 192.0.2.53/32 dev anycast0
  fi
done
```

`example.org` च्या जागी तुमचा सर्व्हर ज्या झोनचे उत्तर देतो तो झोन घाला. `grep` मधली ती खूण महत्त्वाची आहे: उत्तर आले नाही तरी `dig` अर्धविरामाने सुरू होणारी ओळ छापते, आणि `SERVFAIL` हा अपयशाचा निरोप आला तरी `dig` चा एक्झिट कोड शून्यच असतो. नुसता एक्झिट कोड पाहणारी स्क्रिप्ट आजारी सर्व्हरला निरोगी म्हणते.

तीन वेळा फसल्याशिवाय पत्ता काढत नाही, म्हणजे सेवा मेल्यापासून साधारण नऊ सेकंद. परत घालतानाही तीन-चार यशांची वाट पाहणे बरे. वर जागा वाचवण्यासाठी ते सोडले आहे. पत्ता दर मिनिटाला आत-बाहेर करत राहिला, तर बाहेरचे काही राउटर त्या मार्गाला अस्थिर ठरवून काही काळ दाबून ठेवतात, आणि मग सेवा बरी झाल्यावरही रहदारी येत नाही.

८. म्हणजे हेल्थ चेक लावलं की निर्धास्त?

नाही. सगळे सर्व्हर एकाच कारणाने स्वतःला आजारी समजले तर सगळेच एकदम पत्ता मागे घेतात.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे हेच झाले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना नियम असा होता, की डेटा सेंटरशी बोलता आले नाही तर आपली जोडणी खराब आहे असे मानून जाहिरात मागे घ्यायची. एका सर्व्हरपुरता हा नियम अगदी योग्य आहे. पण त्या रात्री, भारतीय वेळेनुसार नऊनंतर, सगळ्यांना एकाच वेळी डेटा सेंटर दिसेनासे झाले आणि सगळ्यांनी माघार घेतली. डीएनएस सर्व्हर चालू होते, फक्त जगातून त्यांच्याकडे जाणारा रस्ता उरला नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामसकट सेवा सहा तासांहून अधिक काळ बंद राहिल्या.

यावरची रीत म्हणजे एक-दोन ठिकाणे अशी ठेवायची, जी कधीच माघार घेत नाहीत. त्यांचा मार्ग मुद्दाम लांब दाखवायचा, म्हणजे एरवी त्यांच्याकडे फारसे कोणी जात नाही. आणि तपासणीत फक्त त्या मशिनची स्वतःची उत्तर देण्याची क्षमता पाहायची, दूरच्या कशाची नाही. जुनी माहिती देणारा डीएनएस सर्व्हर जवळजवळ नेहमीच गायब सर्व्हरपेक्षा बरा.

९. एनीकास्टने लोड आपोआप वाटला जातो ना?

वाटला जातो, पण समान नव्हे. बीजीपीला लोड कळत नाही. मुंबईचा सर्व्हर घामाघूम आणि शेजारचा रिकामा, असे दिवसेंदिवस चालू शकते.

हल्ल्याच्या वेळी मात्र हीच गोष्ट ढाल होते. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच रूट सर्व्हरांवर एकदम प्रश्नांचा पूर आला, एका अक्षरावर सेकंदाला सुमारे ५० लाखांपर्यंत. ज्या अक्षरांची ठिकाणे अनेक होती त्यांच्यात तो विभागला गेला: पूर जिथून येत होता त्या भागातली ठिकाणे बुडाली, इतर ठिकाणी लोकांना फारसे काही जाणवले नाही.

अशा वेळी बुडणाऱ्या ठिकाणाने माघार घ्यावी का, हा खरा कठीण निर्णय असतो. माघार घेतली तर तो पूर पुढच्या ठिकाणावर जातो, तेही बुडते, मग त्याच्या पुढचे. त्यामुळे पुढचे ठिकाण पुरेसे मोठे आहे याची खात्री नसेल, तर बुडणाऱ्याला बुडू देणे आणि बाकीच्यांना वाचवणे अधिक शहाणपणाचे. म्हणूनच प्रश्न ७ मधली स्क्रिप्ट मोठ्या हल्ल्याच्या वेळी हाताने थांबवता आली पाहिजे.

१०. वेबसाइट किंवा मोठ्या डाउनलोडला चालेल का? मध्येच सर्व्हर बदलला तर?

चालते. टीसीपीचे संभाषण एका मशिनशीच पूर्ण व्हावे लागते, आणि मार्ग मध्येच बदलला तर नव्या मशिनला त्या संभाषणाचा पत्ताच नसतो; ते ‘रीसेट’ पाठवते आणि जोडणी तुटते. पण काही सेकंदांच्या वेबपानासाठी मार्ग बदलण्याची शक्यता फार कमी असते, आणि इतरांची वेबपाने जगभर पोचवणाऱ्या मोठ्या सीडीएन कंपन्या अशीच सेवा देतात. तासन्‌तास चालणाऱ्या जोडणीला पहिली भेट एनीकास्टवर घेऊन पुढे साध्या पत्त्यावर पाठवणे बरे.

एक दुर्मीळ पण छळणारी अडचण: पाने उघडायला लागतात आणि अर्ध्यात अडकतात, तेही काहींनाच. वाटेतल्या राउटरने ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा निरोप पाठवला, की तो एनीकास्ट पत्त्यावर जातो आणि तिथे भलत्याच मशिनवर उतरू शकतो. ज्याने ऐकायला हवे त्याला तो मिळतच नाही. टीसीपीचा कमाल तुकडा सर्व्हरवरच लहान ठेवला, आयपीव्ही६ वर १२२० बाइट, की हा प्रश्न उरत नाही.

११. एका ठिकाणच्या सर्व्हरने चुकीचं उत्तर दिलं तर सगळ्या जगाला मिळेल का?

ज्यांचा मार्ग तिथे जातो त्यांना मिळेल, आणि ते लोक कुठे आहेत याचा अंदाज नकाशावरून लागत नाही. मार्च २०१० मध्ये चिलीतल्या तंत्रज्ञांच्या लक्षात आले, की I रूटला फेसबुक, ट्विटर, यूट्यूबबद्दल विचारले की खोटे पत्ते येत आहेत. त्यांचे प्रश्न I रूटच्या बीजिंगमधल्या ठिकाणी जात होते, आणि चीनच्या जाळ्यातली सेन्सॉरशिप वाटेतच उत्तरे बदलत होती. सर्व्हरमध्ये दोष नव्हता. तो चालवणाऱ्या नेटनोडने बीजिंगची जाहिरात मागे घेतली.

स्थानिक वापरासाठीच्या ठिकाणाची जाहिरात `NO_EXPORT` खूण लावून करतात, म्हणजे शेजारच्या नेटवर्कने ती पुढे सांगायची नाही. पण ही विनंती आहे, कुलूप नाही. शेजाऱ्याने चुकून ती खूण काढली तर मार्ग गळतो. उत्तरात फेरफार झाला आहे हे ओळखायला उत्तरावरची डीएनएससेकची डिजिटल सही तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

१२. आम्हाला स्वतःचं एनीकास्ट उभारायचं आहे. किमान काय लागतं?

इंटरनेटवर करायचे तर किमान /24 चा आयपीव्ही४ तुकडा किंवा /48 चा आयपीव्ही६ तुकडा, कारण त्याहून लहान जाहिरात बहुतेक नेटवर्क गाळून टाकतात. शिवाय स्वतःचा एएस क्रमांक, म्हणजे प्रश्न ३ मधला नेटवर्क क्रमांक. भारतात दोन्ही आयआरआयएनएन या पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून मिळतात. एका सेवेसाठी २५६ पत्ते अडकतात, हे खटकते, पण पर्याय नाही. कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात मात्र एकेका पत्त्याचा /32 मार्ग चालतो, म्हणून सराव तिथे करावा.

प्रत्येक मशिनला एनीकास्टखेरीज स्वतःचा वेगळा पत्ता हवाच. लॉगिन, देखरेख, फाइल आणणे, सगळे त्यावरून. हे विसरले की एक विचित्र दोष दिसतो: मुंबईचे मशीन एनीकास्ट पत्ता वापरून बाहेर काही विचारते, आणि उत्तर सिंगापूरच्या मशिनवर जाऊन पडते, कारण उत्तर देणाऱ्याला तेच जवळ आहे. कधी चालते, कधी नाही, असे वाटले की आधी बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा उगम पत्ता तपासा.

१३. मग डोमेनचे दोन्ही नेमसर्व्हर एनीकास्टवरच ठेवावेत का?

ठेवा, पण दोन वेगळ्या तुकड्यांत, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या पुरवठादारांकडे. दोन्ही पत्ते एकाच /24 मध्ये असले तर एका चुकीच्या जाहिरातीने दोन्ही जातात, आणि प्रश्न ११ मधल्या चिलीसारखा भाग दोन्ही वेळा त्याच ठिकाणी पोचतो. रिझॉल्व्हर, म्हणजे लोकांच्या वतीने डीएनएसचे प्रश्न विचारणारा सर्व्हर, एका नेमसर्व्हरने उत्तर दिले नाही की दुसऱ्याला विचारतो; दुसऱ्याची वाट खरोखर वेगळी असेल तरच त्या विचारण्याला अर्थ आहे.